एका धड्याचे एक पान: दहावी विज्ञान भाग १ ची शेवटची उजळणी

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावी विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये दहा धडे आहेत, गुरुत्वाकर्षणापासून अवकाश मोहिमांपर्यंत. पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. प्रिलिम संपली की पुष्कळ मुले पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. चौथ्या-पाचव्या धड्यापर्यंत उत्साह टिकतो, तोवर दुसऱ्या विषयांची ओढाताण सुरू होते आणि धातुविज्ञान, कार्बनी संयुगे हे मागचे धडे कसेबसे उरकले जातात. प्रत्येक धड्याचे एक पान आधीच तयार असले आणि ते कोणत्या दिवशी काढायचे हेही ठरलेले असले, तर ही वेळ येत नाही. हे पान कसे करायचे आणि शेवटच्या तीन आठवड्यांत कसे वापरायचे, ते इथे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर देतो आहे. नमुना म्हणून पाचवा धडा, ‘उष्णता’, घेतला आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे पान वाचण्यासाठी नसते. त्याच्याकडे पाहून आपल्याला काय आठवत नाही ते शोधायचे असते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. वाचताना सगळे येतेय असे वाटते आणि पेपरात हात थांबतो, त्याचे कारण हेच. म्हणून पान तयार करतानाही आणि वापरतानाही पुस्तक मिटलेले असण्याला महत्त्व आहे.

पान तयार करणे

ज्या धड्याचा स्वाध्याय एकदा सोडवून झाला आहे त्याचेच पान करा. न समजलेल्या धड्याचे पान केले तर ती नुसती नक्कल होते. स्वाध्याय सोडवल्यावर लगेच बसू नका, मध्ये एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी एक पाठकोरा कागद घ्या, पुस्तक मिटा, घड्याळ लावा आणि वीस मिनिटांत त्या धड्यातले जे जे आठवते ते पेन्सिलने लिहून काढा. सूत्रे, व्याख्या, आकृत्या, कुठल्या तरी प्रयोगाचे नाव, काहीही. क्रम आणि अक्षर यांची काळजी नको.

मग पुस्तक उघडा आणि राहून गेलेले त्याच कागदावर लाल पेनाने भरा. आता तुमच्यासमोर पेन्सिल आणि लाल अशा दोन रंगांत अख्खा धडा आहे. जे पेन्सिलने न अडखळता आले ते तुम्हाला येते, अंतिम पानावर त्याला एखादा शब्द पुरतो. जागा द्यायची ती लाल मजकुराला. दुसऱ्याचे पान किंवा गाईडमधला सारांश आपल्याला उपयोगी का पडत नाही, ते इथे दिसते. त्यात त्याचे लाल असते, तुमचे नसते.

‘उष्णता’ धड्यात बहुतेकांच्या पेन्सिलीत काय येते? Q = m × c × ΔT हे सूत्र, बर्फ 0 अंशाला वितळते, पाणी 100 अंशाला उकळते, अप्रकट उष्म्याची व्याख्या. लाल रंगात काय उतरते? पुनर्हिमायन हा शब्द, होपच्या उपकरणात कोणता तापमापी आधी 4 अंशांवर थांबतो, सापेक्ष आर्द्रतेच्या सूत्रात वर काय आणि खाली काय, आणि अप्रकट उष्म्याच्या 80 व 540 या किमती नेमक्या कशाच्या.

आता अंतिम पान. साधा ए-फोर कागद, एकच बाजू. मागची बाजू कोरीच ठेवा, ती पुढे लागणार आहे. डावीकडे पाच सेंटिमीटरवर एक उभी रेघ मारा. तळाशी पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी आखून ती आज रिकामी सोडा. अगदी वर धड्याचे नाव, पान केल्याची तारीख आणि तीन छोटे चौकोन, तीन फेऱ्यांच्या तारखांसाठी.

डाव्या पट्टीत फक्त प्रश्न लिहायचे, उजवीकडे त्यांची उत्तरे. शीर्षके लिहू नका, प्रश्नच लिहा. ‘पाण्याचे असंगत आचरण’ असे शीर्षक पाहिले की मन ‘हो, माहीत आहे’ म्हणून पुढे जाते. ‘0 ते 4 अंशांत पाणी तापवले तर आकारमानाचे काय होते?’ असे विचारले की उत्तर द्यावेच लागते. एका पानावर असे बारा ते पंधरा प्रश्न मावतात. त्याहून जास्त होत असतील तर दोन सोपे प्रश्न काढा. अक्षर बारीक करू नका. पेपरच्या आदल्या रात्री बारीक अक्षर वाचवत नाही.

‘उष्णता’चे पान प्रत्यक्षात

उजव्या भागात सर्वात वर मी आलेख काढायला सांगतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. 0 अंशावर एक आडवी रेघ, तिथे बर्फ वितळते. मग 100 पर्यंत चढती रेघ, तिथे पाणी तापते. मग 100 वर पुन्हा आडवी रेघ, तिथे पाण्याची वाफ होते. आडव्या रेघांवर Q = m × L लिहा, चढत्या रेघेवर Q = m × c × ΔT. पहिल्या आडव्या रेघेखाली 80 कॅलरी प्रति ग्रॅम, दुसरीखाली 540, चढतीखाली 1. या एका आकृतीत अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता, दोन्ही सूत्रे आणि तिन्ही किमती आल्या, शिवाय कोणते सूत्र कुठे वापरायचे हेही आले.

आकृतीच्या शेजारी सोडवलेले एकच उदाहरण, तेही पायऱ्यांपुरते. 0 अंशावरच्या 10 ग्रॅम बर्फाची 100 अंशावरची वाफ करायला किती उष्णता लागेल? बर्फ वितळायला 10 × 80 = 800. पाणी 0 वरून 100 वर न्यायला 10 × 1 × 100 = 1000. वाफ व्हायला 10 × 540 = 5400. एकूण 7200 कॅलरी. या उदाहरणात मुले ठरावीक ठिकाणी घसरतात: दोन आडव्या रेघांपैकी एक विसरतात, किंवा दोन्ही विसरून 1000 हे उत्तर लिहून मोकळी होतात. म्हणून डाव्या पट्टीतला प्रश्न असा असावा: ‘उदाहरणात अवस्था किती वेळा बदलली?’ उदाहरण सोडवताना हा प्रश्न स्वतःला विचारला की गाळलेली पायरी ध्यानात येते.

त्याखाली शास्त्रीय कारणे. पेपरात दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या भागात शास्त्रीय कारणे येतात, दोन सोडवायची, प्रत्येकी दोन गुण. पूर्ण उत्तर पानावर लिहू नका, फक्त बाणांची साखळी लिहा. थंड प्रदेशात पाण्याचे नळ का फुटतात? → तापमान 4 अंशांखाली → पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावते → 0 ला बर्फ, आकारमान आणखी वाढते → नळावर आतून दाब. गार पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब का जमतात? → बाटलीलगतची हवा थंड → तापमान दवबिंदूपर्यंत उतरते → हवा बाष्पाने संपृक्त → जादा बाष्पाचे पाणी. साखळीतली एक कडी गेली की बहुधा गुणही जातो. दुसऱ्या साखळीत ‘दवबिंदू’ आणि ‘संपृक्त’ हे शब्द गळतात. ते गडद करा.

होपच्या उपकरणाची आकृती काढायला जागा उरत नसेल तर नुसते उभे भांडे, मध्ये गोठणमिश्रणाचा पट्टा आणि वर-खाली दोन तापमापी एवढेच काढा. शेजारी एक वाक्य: खालचा तापमापी आधी 4 वर येऊन थांबतो, वरचा नंतर 0 पर्यंत उतरतो. 4 अंशाच्या पाण्याची घनता सर्वाधिक, म्हणून ते तळाशी बसते. तलाव वरून गोठला तरी खाली मासे जगतात, त्याचेही कारण हेच, त्यामुळे ते वेगळे लिहिण्याची गरज नाही.

असे एक पान करायला पहिल्यांदा दीड तास लागतो. तिसऱ्या-चौथ्या पानापासून तासाभरात होते.

सगळे धडे एका साच्यात बसत नाहीत

‘भिंगे व त्यांचे उपयोग’च्या पानावर बहिर्वक्र भिंगाचा सहा ओळींचा तक्ता अख्खा उतरवायची गरज नाही. 2F₁ ची एक ओळ पाठ करा: वस्तू 2F₁ वर, प्रतिमा 2F₂ वर, तेवढीच, वास्तव आणि उलटी. वस्तू त्याहून दूर नेली तर प्रतिमा भिंगाकडे सरकते आणि लहान होते. वस्तू F₁ कडे आणली तर प्रतिमा दूर जाते आणि मोठी होते. F₁ वर ती अनंत अंतरावर जाते. F₁ च्या आत आली की बाजू बदलते, आभासी आणि सुलटी होते, पण मोठीच राहते. उरलेली जागा कार्टेशियन चिन्ह संकेतांना द्या. या धड्यातल्या उदाहरणांत गुण जातात ते बहुधा चिन्हांपायी.

‘कार्बनी संयुगे’ मात्र एका पानात मावत नाही अशी तक्रार सगळेच करतात. जे नियमाने काढता येते ते लिहू नका, एवढे पाळले की मावते. अल्केनची सूत्रे एकेक करून लिहायची नाहीत, CₙH₂ₙ₊₂ आणि मिथेन, प्रोपेन अशी दोन नावे पुरतात. क्रियात्मक गटांचा तक्ता मात्र पूर्ण हवा, कारण तो पाठच करावा लागतो. त्याउलट ‘अवकाश मोहिमा’चे पान अर्ध्यावर संपते. संपू द्या, रिकामी जागा भरण्यासाठी मजकूर शोधू नका.

फेऱ्यांचे वेळापत्रक

इथून पुढे दिवस पेपरपासून मागे मोजायचे. दहाही पाने 22 दिवस आधी तयार असावीत. रोज विज्ञान भाग १ ला पाऊण तास मिळतो असे धरले आहे, बाकी वेळ इतर विषयांचा.

पहिली फेरी 21व्या दिवसापासून 12व्या दिवसापर्यंत, रोज एक पान. पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. प्रिलिमच्या उत्तरपत्रिकेत ज्या धड्यात सर्वात जास्त गुण गेले, त्यापासून सुरुवात करा. उजवा भाग वहीने झाका, डावीकडचे प्रश्न वाचा आणि उत्तरे पानाच्या मागच्या बाजूला लिहा. ती बाजू कोरी ठेवायला सांगितले होते ते यासाठी. पुढच्या फेऱ्यांना रफ वही घ्या. लिहायला वीस मिनिटे, तपासायला दहा. जे उत्तर आले नाही किंवा अर्धे आले, त्या प्रश्नापुढे पेन्सिलने एक ठिपका. उरलेल्या पंधरा मिनिटांत त्या धड्यातले एक उदाहरण किंवा एक आकृती आणि कालच्या पानाचे ठिपकेवाले प्रश्न तोंडी.

ठिपका देताना स्वतःला सवलत देऊ नका. ‘ओठांवर होते’ म्हणजे आले नाही. पुस्तक उघडल्यावर ‘अरे हो’ वाटले तरी ठिपका. पानावर एकही ठिपका पडला नाही तर एकदा शंका घ्या. बहुधा उजवा भाग नीट झाकला गेला नव्हता, किंवा उत्तरे लिहिण्याऐवजी मनातल्या मनात म्हटली गेली. निम्म्याहून जास्त प्रश्नांना ठिपके पडले तर पानावर आणखी वेळ घालवू नका. तो धडाच कच्चा आहे, पुस्तकात परत जा आणि स्वाध्याय पुन्हा सोडवा. 11वा दिवस त्यासाठीच मोकळा ठेवला आहे.

दुसरी फेरी 10व्या ते 6व्या दिवसापर्यंत, रोज दोन पाने. इथे जोड्या लावण्यात खरी गंमत आहे. एकमेकांशी संबंध नसलेले धडे एकत्र घ्या: उष्णता आणि कार्बनी संयुगे, गुरुत्वाकर्षण आणि धातुविज्ञान, भिंगे आणि रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम आणि आवर्ती वर्गीकरण, प्रकाशाचे अपवर्तन आणि अवकाश मोहिमा. गुरुत्वाकर्षणात मुक्तिवेग येतो, √(2GM/R). अवकाश मोहिमांत उपग्रहाचा क्रांतिक वेग येतो, √(GM/(R+h)). हे दोन धडे लागोपाठ केले तर त्या दिवशी दोन्ही सूत्रे बरोबर येतात आणि पेपरात त्यांची अदलाबदल होते. दोन्हींत तीन दिवसांचे अंतर ठेवले की गोंधळ घरीच उघड होतो.

या फेरीत सगळे प्रश्न पुन्हा, पण उत्तरे थोडक्यात: कारणांच्या फक्त साखळ्या, उदाहरणांची फक्त सूत्रे आणि पायऱ्या. दोन्ही पाने चाळीस मिनिटांत व्हायला हवीत. चुकलेल्याला दुसरा ठिपका, आधी चुकून आता बरोबर आलेल्याच्या ठिपक्यावर आडवी रेघ. वेळ पुरत नसेल तर पहिल्या फेरीत ठिपका न पडलेले प्रश्न तोंडी उरका.

5व्या दिवशी पाने बाजूला ठेवून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवा, घड्याळ लावून दोन तास. हा दिवस पाऊण तासात बसत नाही, त्याची जागा आधीच राखून ठेवा. तपासल्यावर गेलेला प्रत्येक गुण त्या त्या धड्याच्या पानावर तळाच्या रिकाम्या पट्टीत उतरवा, एका ओळीत आणि नेमका. ‘उष्णता नीट करणे’ याचा उपयोग नाही. ‘वाफेची 5400 ही पायरी गाळली’ किंवा ‘एकक लिहिले नाही’ असे हवे. पानावर न आलेला एखादा मुद्दा पेपरात विचारला गेला असेल तर तोही इथेच.

तिसरी फेरी 4थ्या, 3ऱ्या आणि 2ऱ्या दिवशी. आता धडेवार जायचे नाही. दहाही पानांवरचे दोन ठिपक्यांचे प्रश्न आणि तळाच्या पट्ट्यांतल्या ओळी एवढेच घ्यायचे. असे साधारण वीस-पंचवीस मुद्दे निघतात. तिन्ही दिवस तेच, दर दिवशी वेगळ्या क्रमाने, आणि दर वेळी लिहून. तिन्ही दिवसांनंतरही न येणारे चार-पाच प्रश्न उरतात. ते एका चतकोर कागदावर उत्तरांसह उतरवा.

आदल्या दिवशी दहा पाने, प्रत्येकी आठ ते दहा मिनिटे, म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन तास. या दिवशी उजवा भाग झाकायचा, पण लिहायचे नाही, तोंडी उत्तर देऊन लगेच पाहायचे. नवीन काही वाचू नका, पानावर नवे काही लिहूही नका. सकाळी फक्त तो चतकोर कागद, चिन्ह संकेत आणि उष्णतेचा आलेख.

दिवस कमी उरले असतील तर

आठच दिवस हातात असतील आणि पाने झाली नसतील, तर दहा पाने करायच्या नादी लागू नका. ज्या चार धड्यांत प्रिलिमला गुण गेले त्यांचीच करा, रोज दोन, आणि लाल पेनाने भरलेला पाठकोरा कागदच अंतिम पान समजा. डाव्या पट्टीतले प्रश्न तेवढे त्यावर घाला. दोन दिवसांत चार पाने होतील. पुढचे दोन दिवस ती एकदा झाकून लिहा आणि राहिलेल्या सहा धड्यांचे स्वाध्याय तोंडी करा. त्यानंतर एक दिवस प्रश्नपत्रिका. मग ठिपक्यांचे दोन दिवस आणि शेवटचा दिवस वर सांगितल्याप्रमाणे. पान न केलेल्या धड्यांसाठी त्या दिवशी पुस्तकातल्या आकृत्या आणि चौकटीतली सूत्रे पाहा.

भाग १ चा पेपर देऊन आलात की ही पाने पिशवीत टाका आणि भाग २ ची काढा. त्यांची पहिली आणि दुसरी फेरी आधीच्या तीन आठवड्यांत भाग १ ला समांतर झालेली असली पाहिजे. वेळापत्रक लिहिताना रोजचा आणखी पाऊण तास त्यासाठी धरा, आणि जीवनप्रक्रियांच्या दोन धड्यांची पाने एकाच दिवशी येणार नाहीत एवढे पाहा.